वय पक्कं, गोष्ट कच्ची

पश्चिम ऑस्ट्रेलियात, पर्थपासून उत्तरेला सुमारे आठशे किलोमीटरवर, जॅक हिल्स नावाची बुटक्या टेकड्यांची एक रांग आहे. तांबडी माती, खुरटी झुडपं आणि नजर जाईल तिथवर पसरलेली गुरांची कुरणं. या रांगेतल्या एरानंडू हिलवर एक गोटेदार खडक उघडा पडलेला आहे. फार जुन्या कुठल्याशा नदीने वाहून आणलेले गारगोटीचे गोटे आणि वाळू एकत्र दाबली गेली, त्यातून तो बनला. पुढे जमिनीच्या पोटात तापून, चेपून त्यातले गोटे चपटे झाले. क्रोमियम असलेल्या अभ्रकामुळे मधूनच त्याला हिरवी झाक येते. ही वाळू साचली त्याला साधारण ३०० कोटी वर्षं झाली.

३०० कोटी हे वय मोठं असलं तरी विक्रमी नाही. कॅनडातल्या अकास्टा नदीकाठचा पट्टेदार नाइस खडक सुमारे ४०० कोटी वर्षांचा आहे, आणि सर्वांत जुना खडक म्हणून बहुतेक भूशास्त्रज्ञ त्याच्याकडेच बोट दाखवतात. पृथ्वी जन्मली साडेचारशे कोटींच्या थोडं आधी. म्हणजे सुरुवातीची पन्नासेक कोटी वर्षं अशी, की त्या काळातला सर्वांना मान्य असा खडकच हाती नाही. प्रेस्टन क्लाउड या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये या कालखंडाला हेडियन हे नाव दिलं, ग्रीकांच्या पाताळावरून. सगळीकडे वितळलेला लाव्हा आणि वरून उल्कांचा मारा, असं चित्र तेव्हा सर्वांच्या मनात होतं.

जॅक हिल्सच्या त्या खडकात वाळूच्या कणांएवढे झिरकॉनचे स्फटिक आहेत. त्यांतले बहुतेक ३३०-३४० कोटी वर्षांचे. पण शंभरातले मोजके काही ४०० कोटींच्या पलीकडचे निघतात, आणि त्यांतलेही अगदी थोडे ४३० ते ४४० कोटींच्या घरात जातात. ज्या खडकात ते जन्मले तो झिजून, वितळून, गाडला जाऊन कधीच नाहीसा झाला. उरला तो कण.

या कणांविषयी वर्तमानपत्रांत येतं तेव्हा एका दमात सांगितलं जातं, की झिरकॉन ४४० कोटी वर्षांचा आहे, म्हणून तेव्हा खंड होते, समुद्र होते, कदाचित जीवही होते. माझ्या मते या वाक्याचा पहिला भाग आणि पुढचे भाग एका तराजूत तोलता येत नाहीत. वय काढण्यामागे इतकी कसून तपासणी आहे की ते पक्कं म्हणता येतं. त्या वयावर रचलेली गोष्ट मात्र पायरीपायरीने कच्ची होत जाते. कुठली पायरी किती भार घेते, हे नीट पाहण्यासारखं आहे.

आधी झिरकॉनच का, ते पाहू. दागिन्यांच्या दुकानात झिरकॉन म्हणून मिळतं ते बहुधा झिरकोनिया असतं, कारखान्यात बनवलेलं. त्याचा इथे संबंध नाही. खनिज झिरकॉन म्हणजे झिर्कोनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचा स्फटिक. तो ग्रॅनाइटसारखा खडक थिजताना तयार होतो. बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा किंवा थोडा मोठा. लांबट, चौकोनी खांबासारखा आणि दोन्ही टोकांना निमुळता. पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांत भूशास्त्र शिकलेल्या बहुतेकांनी तो पाहिलेला असतो, पण तो लक्षात राहतो त्याच्याभोवतीच्या डागामुळे. ग्रॅनाइटचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की तपकिरी अभ्रकात अधूनमधून गडद गोल वलयं दिसतात आणि प्रत्येक वलयाच्या मध्यभागी एक चमकदार बारीक दाणा. डब्लिनच्या जॉन जोलीने १९०७ मध्ये त्याचा उलगडा केला. दाण्यात किरणोत्सारी द्रव्य आहे, त्यातून सुटणारे अल्फा कण शेजारच्या अभ्रकात काही दहा मायक्रॉनपर्यंत घुसतात आणि तेवढा भाग काळवंडतो. तो दाणा बहुतेक वेळा झिरकॉनचा असतो.

हे किरणोत्सारी द्रव्य म्हणजे मुख्यतः युरेनियम. झिरकॉनच्या जाळीत झिर्कोनियमच्या जागी युरेनियमचा अणू बसू शकतो, कारण दोघांचा विद्युतभार सारखा आणि आकारातही फार फरक नाही. शिशाचा अणू मात्र मोठा पडतो आणि त्याचा भारही जुळत नाही, त्यामुळे थिजतानाच स्फटिक शिसं जवळपास सगळं बाहेर ठेवतो. युरेनियमचं किरणोत्सर्जन होत होत शेवटी शिसंच उरतं. म्हणजे आज झिरकॉनमध्ये जे शिसं सापडतं ते जवळपास सगळं आतच तयार झालेलं. आणि एकदा तयार झालेलं शिसं सहजी बाहेर पडत नाही; स्फटिक शाबूत असेल तर ९०० अंश सेल्सियसच्या पुढेही ते जागचं फारसं हलत नाही. पाण्याने झिरकॉन विरघळत नाही, नदीत घासून संपत नाही. एका खडकातून सुटतो, दुसऱ्यात जाऊन बसतो.

खरी किमया पुढे आहे. युरेनियम दोन प्रकारचं असतं, २३८ आणि २३५, आणि दोन्ही वेगवेगळ्या गतीने संपतात. २३८ निम्मं व्हायला जवळपास ४४७ कोटी वर्षं लागतात आणि त्यातून २०६ वजनाचं शिसं उरतं. २३५ फक्त ७० कोटींत निम्मं होतं आणि त्यातून २०७ वजनाचं शिसं मिळतं. ४४० कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या कणात मूळच्या २३८ पैकी अर्ध्याहून किंचित जास्त आजही शिल्लक असतं, पण मूळच्या २३५ पैकी शंभरातला जेमतेम एक अणू. एकाच कणात अशी दोन घड्याळं चालू असतात, एक संथ आणि एक घाईतलं.

त्यांचा हिशेब एकदा करून पाहू, कारण सगळा भरवसा त्यावर उभा आहे. आपल्या दख्खनच्या लाव्ह्याच्या वयाचा, म्हणजे ६.६ कोटी वर्षांचा झिरकॉन घेतला, तर त्यात २०६ वजनाच्या शंभर अणूंमागे २०७ वजनाचे पाचसुद्धा भरत नाहीत. ३०० कोटींच्या कणात ते २२ होतात, ४०० कोटींच्या कणात ४२ ते ४३ आणि ४४० कोटींच्या कणात जवळपास ५६. मागे जावं तसं हे प्रमाण झपाट्याने वाढतं, कारण त्या काळी २३५ भरपूर होतं आणि भराभर संपत होतं. अतिप्राचीन कणांच्या बाबतीत नेमकी हीच गोष्ट कामाला येते: नुसतं शिशाशिशाचं प्रमाण मोजलं तरी वय बारकाईने ठरतं.

शिसं मधेच गळलं असेल तर? ही शंका रास्त आहे, कारण युरेनियम स्वतःच घर पोखरतं. प्रत्येक अल्फा कण सुटताना मागे उरलेला जड अणू उलट्या दिशेने फेकला जातो आणि जाळी मोडतो. शेकडो कोटी वर्षांत, युरेनियम जास्त असेल तर, स्फटिक आतून काचेसारखा विस्कळीत होतो, फुगतो, तडकतो. मग पाणी शिरतं आणि शिसं निसटतं. १९५६ मध्ये जॉर्ज वेदरिलने याची पारख करायची रीत दिली. दोन्ही घड्याळांनी सांगितलेली वयं एकाच आलेखावर मांडायची. शिसं गळलेलं नसेल तर बिंदू एका ठरावीक वक्ररेषेवर पडतो. गळलं असेल तर तो रेषेच्या खाली उतरतो, आणि किती उतरला यावरून कणाला काय झालं होतं याचाही अंदाज येतो. दोन्ही घड्याळं जुळली तरच वय धरायचं, हा नियम इथून आला. शिसं गळालं तर कण खरा आहे त्यापेक्षा तरुण दिसतो. म्हणून जुनं वय सहसा फुगवलेलं नसतं. सहसा म्हणायचं कारण पुढे येईल.

प्रत्यक्षात हे काम धुळीचं आणि कंटाळवाणं आहे. डोंगरावरून किलोंनी खडक आणायचा, जबड्याच्या यंत्रात भरडायचा, चाळायचा. हलत्या, तिरप्या टेबलावरून पाण्याबरोबर वाहवून हलकी वाळू काढून टाकायची. उरलेलं पाण्याच्या तिपटीहून जड अशा द्रवात ओतायचं. गारगोटी तरंगते, झिरकॉन तळाशी बसतो. मग चुंबकाने लोहयुक्त खनिजं ओढून घ्यायची. शेवटी जो चिमूटभर ऐवज उरतो तो दुर्बिणीसारख्या दोन भिंगांच्या सूक्ष्मदर्शकाखाली पसरायचा आणि सुईच्या टोकाने एकेक कण निवडायचा. जॅक हिल्सचे कण फिकट जांभळट, लालसर दिसतात. नदीत घासून कडा गोलावलेल्या. हे कण ओळीने मांडून वर इपॉक्सी ओततात. ती वडी घट्ट झाली की कण मधोमध कापले जातील इतपत घासून गुळगुळीत करतात. शेजारी वय आधीच ठाऊक असलेल्या झिरकॉनचे कण बसवलेले असतात, यंत्र बरोबर चालतंय का हे ताडून पाहायला.

यानंतरची पायरी मला सगळ्यांत देखणी वाटते. वडीवर इलेक्ट्रॉनचा झोत टाकला की झिरकॉन मंद उजळतो आणि त्याच्या वाढीचे थर दिसू लागतात. बारीक, समांतर, खांबाच्या कडांना धरून चालणारे, एकाआड एक फिकट आणि गडद पट्टे. वितळलेल्या खडकात कण हळूहळू वाढल्याची ही खूण. कधी आत एक जुना गाभा दिसतो आणि भोवती नवं आवरण. नंतरच्या एखाद्या तापण्यात ते चढलेलं असतं. गाभा आणि आवरण यांची वयं शंभर कोटींनी वेगळी असू शकतात. अख्खा कण विरघळवून मोजला तर दोन्हींची सरासरी हाती येते, आणि त्या वयाला काहीच अर्थ नसतो.

म्हणूनच कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत विल्यम कॉम्पस्टन आणि स्टीव्ह क्लेमेंट यांनी बांधलेल्या यंत्राने या शास्त्राचा नूर पालटला. त्याचं लघुनाव श्रिंप. खोलीभर पसरलेलं हे यंत्र ऑक्सिजनच्या आयनांचा झोत कणाच्या वीस-तीस मायक्रॉन रुंदीच्या ठिपक्यावर मारतं. तिथून उडालेले अणू मोठ्या चुंबकातून वळवून वजनानुसार वेगळे करतं आणि मोजतं. खड्डा जेमतेम एक-दोन मायक्रॉन खोल पडतो. पट्टे पाहून ठिपका कुठे मारायचा ते ठरवता येतं, एकाच कणात दोन-चार ठिकाणी मारता येतो.

१९८३ मध्ये या यंत्राने पहिला धक्का दिला. जॅक हिल्सच्या नैर्ऋत्येला माउंट नॅरियर आहे. तिथल्या क्वार्ट्झाइटमधले १०२ कण तपासले गेले आणि त्यांतले चार ४१० ते ४२० कोटी वर्षांचे निघाले. लगेच विश्वास बसला नाही. पॅरिसच्या प्रयोगशाळेत जुन्या, अधिक नेमक्या समजल्या जाणाऱ्या पद्धतीने नॅरियरचेच तीसेक कण एकेक करून विरघळवून मोजले. एकही इतका जुना निघाला नाही. नव्या यंत्रातच खोट असावी, ही शंका साहजिक होती. पण जरा हिशेब करा. शंभरात चार जुने असतील, तर तीस कण उचलून एकही जुना न लागण्याची शक्यता जवळपास तीसांत नऊ इतकी आहे. म्हणजे न सापडणं हा पुरावा होऊ शकत नव्हता. कण कमी पडले होते. तीन वर्षांनी, १९८६ मध्ये, कॉम्पस्टन आणि रॉबर्ट पिजन यांनी जॅक हिल्सच्या खडकातून ४२७.६ कोटी वर्षांचा कण काढला आणि शंका मावळली. पुढे श्रिंपला रात्रंदिवस आपोआप ठिपके मारायला लावून एक लाख कण चाळले गेले. तेव्हा कुठे जुन्या कणांचा बऱ्यापैकी साठा हाती आला.

२००१ मध्ये कर्टिन विद्यापीठाचे सायमन वाइल्ड, विस्कॉन्सिनचे जॉन व्हॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डब्ल्यू-७४/२-३६ या क्रमांकाच्या कणाचं वय जाहीर केलं: ४४०.४ कोटी वर्षं, चूक ८० लाखांची इकडे किंवा तिकडे. पण त्याच कणाच्या वेगवेगळ्या ठिपक्यांनी वेगवेगळं वय सांगितलं होतं. कुठे ४४०, कुठे ४२७ च्या आसपास. सर्वांत जुना आकडा हाच जन्माचा आणि बाकीचे नंतर शिसं गळाल्याचे, असं धरलं तर हिशेब जमतो. मग उलट बाजूनेही विचारता येतं: शिसं कणातल्या कणात हललं आणि एखाद्या जागी साचलं असेल तर? ठिपका नेमका त्या साठ्यावर पडला, तर कण खऱ्यापेक्षा म्हातारा दिसेल. वर ‘सहसा’ म्हटलं ते यासाठी.

या शंकेचं निरसन व्हायला २०१४ उजाडलं. जॅक हिल्सचाच दुसरा एक कण, श्रिंपने सांगितलेलं वय ४३७.४ कोटी. व्हॅली आणि त्यांच्या गटाने त्यातून सुमारे शंभर नॅनोमीटर जाडीच्या टोकाची सुई कोरून काढली आणि अणू-शोधक यंत्रात ठेवली. या यंत्रात सुईच्या टोकावर लेझरचे ठोके पडतात, प्रत्येक ठोक्याला एखादा अणू सुटतो, आणि तो कुठून सुटला व किती वजनाचा आहे याची नोंद होते. अशा लाखो नोंदींवरून सुईचा त्रिमिती नकाशा तयार होतो. त्यात शिसं सगळीकडे सारखं पसरलेलं नव्हतं. साधारण दहा नॅनोमीटरचे शिशाचे पुंजके ठिकठिकाणी होते, एकमेकांपासून काही दहा नॅनोमीटर अंतरावर.

म्हणजे शिसं हललं होतं, शंका बरोबर होती. पुंजक्यांतलं प्रमाण तर विलक्षण निघालं: २०६ च्या शंभर अणूंमागे २०७ चे जवळपास १२०. या प्रमाणाचं सरळ वय काढलं तर ते ५५० कोटी वर्षं येतं, पृथ्वीपेक्षा शंभर कोटींनी जास्त. आता हाच आकडा दुसऱ्या बाजूने पाहा. ४३७ कोटी वर्षांपूर्वी जन्मलेल्या आणि ३४० कोटी वर्षांपूर्वी कधीतरी कडक तापलेल्या कणाची कल्पना करा. जन्मापासून त्या तापण्यापर्यंत जेवढं शिसं तयार झालं, फक्त तेवढ्याचंच प्रमाण काढलं तर ते शंभराला १२० येतं. तापल्यावर ते शिसं मोडलेल्या जागांकडे सरकून पुंजक्यांत अडकलं. पुंजक्यांबाहेर जे शिसं आहे ते नंतर तयार झालेलं. त्याचं प्रमाण शंभराला तीसेक, आणि ३४० कोटींचा हिशेब मांडला की तेही जुळतं. शिसं सरकलं ते काही दहा नॅनोमीटर. श्रिंपचा ठिपका वीस हजार नॅनोमीटर रुंद, त्यामुळे त्यात पुंजके आणि मधली जागा दोन्ही सारखेच येतात आणि प्रमाण बिघडत नाही. ४३७.४ कोटी हे वय टिकलं. वर कणाला मधे ताप आला होता आणि तो कधी, हेही कळलं. शंकेने घाबरून जाण्याऐवजी तिचा तळ गाठला, की अशी जादा माहिती पदरात पडते; या प्रयोगाबद्दल मला म्हणूनच फार आदर आहे.

वयाची बाजू इथे संपते. आता गोष्टीची.

पहिली पायरी: झिरकॉन म्हणजे ग्रॅनाइटसारखा खडक, आणि ग्रॅनाइट म्हणजे खंडाचं कवच. सह्याद्रीच्या माणसाला हा फरक समजावून सांगायला फार लांब जावं लागत नाही. आपला काळा कातळ बेसाल्ट आहे, सिलिका कमी असलेला. समुद्रतळही अशाच खडकाचा असतो. अशा लाव्ह्यात झिरकॉन सहसा तयार होत नाही. म्हणून दख्खनच्या लाव्ह्याचं वय काढायला प्रिन्स्टनच्या ब्लेअर शोएन यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कातळ सोडून दोन थरांमधली तांबडी माती खणावी लागली. त्यात दुसऱ्या, सिलिका जास्त असलेल्या ज्वालामुखींची राख पडलेली होती आणि त्या राखेत झिरकॉन होते. ग्रॅनाइटी खडक हलका असतो, बुडत नाही, म्हणून खंड टिकतात. तर मग ४४० कोटी वर्षांपूर्वीचे झिरकॉन म्हणजे ४४० कोटी वर्षांपूर्वीचं खंड?

पुरतं नाही. बेसाल्टी खडकही सावकाश थिजला तर शेवटी उरलेल्या रसात सिलिका वाढते आणि थोडा झिरकॉन तयार होतो. कणातल्या इतर द्रव्यांचं प्रमाण, आत अडकलेली खनिजं, पट्ट्यांची ठेवण यांवरून जॅक हिल्सचे बरेच कण ग्रॅनाइटी रसातले वाटतात, आणि हे बहुतेकांना मान्य आहे. पण केवढ्या ग्रॅनाइटमधले, हे कण सांगू शकत नाही. मुंबईएवढ्या तुकड्यातून आलेला आणि ऑस्ट्रेलियाएवढ्या खंडातून आलेला झिरकॉन सारखाच दिसतो. टोनी केम्प आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये याच कणांतल्या हॅफ्नियमवरून असं मांडलं, की आधी बेसाल्टी कवच होतं आणि तेच पुन्हापुन्हा तापून त्यातून हे रस निघाले. म्हणजे विस्तीर्ण खंडं असायलाच हवीत असं नाही. मला हे जास्त पटतं, कारण त्याला कमी गृहीतकं लागतात.

दुसरी पायरी पाण्याची. समुद्राच्या पाण्याच्या तुलनेत, पृथ्वीच्या खोल प्रावरणातून आलेल्या रसातल्या झिरकॉनमध्ये जड ऑक्सिजन हजारी ५.३ ने जास्त असतो, थोडा इकडेतिकडे. खडक पृष्ठभागावर, कमी तापमानात पाण्याने झिजून त्याची माती झाली, की तीत जड ऑक्सिजन आणखी वाढतो. ती माती गाडली जाऊन वितळली तर त्या रसातल्या झिरकॉनमध्येही हा वाढीव आकडा उतरतो. २००१ मध्ये दोन गटांनी एकाच वेळी, वाइल्ड-व्हॅली यांनी आणि स्टीव्हन मोझ्सिस, मार्क हॅरिसन व पिजन यांनी, ४३० कोटींच्या आसपासच्या कणांत हा आकडा सात-साडेसातपर्यंत गेल्याचं दाखवलं. म्हणजे तेव्हा जमिनीवर पाणी वाहत होतं. ही पायरी बऱ्यापैकी भार घेते. एकच अट: ऑक्सिजन मोजला तो ठिपका मोडक्या जाळीचा नको, कारण तिथे पाणी नंतर शिरलेलं असू शकतं. म्हणून जिथे दोन्ही घड्याळं जुळतात आणि पट्टे शाबूत दिसतात, त्याच जागी मोजायचं. अशी काळजी घेतलेल्या कणांतही आकडा चढाच राहिला आहे. हेडियनचं जळतं पाताळ निदान ४३० कोटींपर्यंत थंड झालं होतं, असं म्हणायला हरकत नाही.

तिसरी पायरी तापमानाची, आणि ती डळमळते. झिरकॉनमधल्या टायटॅनियमवरून तो किती तापमानाला थिजला ते काढता येतं. २००५ मध्ये ब्रूस वॉटसन आणि हॅरिसन यांनी हेडियन कणांसाठी ७०० अंशांच्या आसपासचा आकडा दिला. पाण्याने भिजलेला ग्रॅनाइट साधारण याच तापमानाला वितळतो, म्हणून आजच्यासारखीच व्यवस्था तेव्हाही होती असा निष्कर्ष निघाला. त्यावर आक्षेप असा, की झिरकॉन मुळातच रस थंड होत आल्यावर तयार होतो, मग रस कुठूनही आलेला असो. उल्कापाताने वितळलेल्या खडकातल्या झिरकॉनचे आकडेही फार दूर नसतात. कमी तापमान हे ग्रॅनाइटशी जुळतं एवढंच म्हणता येतं. तेच होतं असं सिद्ध होत नाही.

आणि एक पायरी चक्क कोसळली. २००७ मध्ये जॅक हिल्सच्या झिरकॉनमध्ये सूक्ष्म हिरे सापडल्याचं ‘नेचर’मध्ये छापून आलं. हिरा म्हणजे प्रचंड दाब, म्हणजे ४२० कोटी वर्षांपूर्वी जाड, थंड कवच. मोठी बातमी होती. एक गोष्ट तेव्हाही खटकत होती: हे हिरे ४२५ कोटींच्या कणांत जसे होते तसेच ३०६ कोटींच्या कणांतही होते. शंभर कोटी वर्षं सगळ्या वयाच्या कणांत सारखेच हिरे कसे? २०१४ मध्ये लारिसा डोब्रझिनेत्स्काया आणि सहकाऱ्यांनी तेच नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा उघडले. हिरे होते खरे, पण कणांच्या भेगांत, इपॉक्सीत अडकलेले. नमुना घासून गुळगुळीत करायला हिऱ्याची बारीक भुकटी वापरतात. ती भेगांत शिरून बसली होती.

त्यानंतर कणाच्या आत काय अडकलं आहे याबद्दल सगळे सावध झाले. २०११ मध्ये बिर्गर रासमुसेन यांनी आधीच दाखवलं होतं, की आत दिसणारी काही फॉस्फेट खनिजं कणापेक्षा दीडशे कोटींहून अधिक वर्षांनी तरुण आहेत. म्हणजे ती भेगांतून नंतर आत आली, आणि शेजारचं अभ्रकही तसंच असू शकतं. २०१५ मध्ये एलिझाबेथ बेल आणि हॅरिसन यांच्या गटाने दहा हजार कणांतून एक असा शोधला, ज्यात ४१० कोटी वर्षांपूर्वीचं ग्राफाइट चारही बाजूंनी बंद, एकही भेग नसलेल्या जागी आहे. त्यातल्या कार्बनचं वजन सजीवांतल्या कार्बनसारखं हलकं आहे. बातम्यांत याचं जीवसृष्टी झालं. हलका कार्बन निर्जीव प्रक्रियेतूनही येऊ शकतो हे त्या लेखकांनीही नाकारलेलं नाही, आणि कण एकच आहे.

भारतातही असे कण आहेत. ओडिशातल्या केंदुझर जिल्ह्यात, चंपुआजवळ, सिंहभूमच्या जुन्या भूखंडाचा नाइस उघडा पडलेला आहे. २०१८ मध्ये त्रिस्रोता चौधुरी, रजत मजुमदार आणि त्यांच्या चिनी सहकाऱ्यांनी त्यातले झिरकॉन बीजिंगच्या श्रिंपवर तपासले. खडक स्वतः साडेतीनशे कोटींच्या घरातला. पण त्यात दोन कण खडकाहून कितीतरी जुने निघाले, एक ४२४ कोटींचा आणि एक ४०३ कोटींचा. हे कण जॅक हिल्सच्या कणांपेक्षा वेगळ्या वाटेने आलेले आहेत. जॅक हिल्सचे नदीने आणलेले. नदी कुठून आली ते कळायला मार्ग नाही. चंपुआचे कण मात्र रस वर चढत असताना त्याने वाटेतल्या जुन्या खडकातून उचललेले आणि न विरघळता राहिलेले. म्हणजे तो जुना खडक त्या जागेच्या खालीच कुठेतरी होता. गाव नसलं तरी पत्ता आहे, आणि जॅक हिल्सच्या एक लाख कणांनाही जे सांगता आलं नाही ते या दोघांनी थोडंफार सांगितलं.

दोन कणांवर खंड उभं राहत नाही, हे नॅरियरच्या वेळी पॅरिसमधल्या तीस कणांनी दाखवून दिलंच आहे, फक्त उलट्या बाजूने. चंपुआच्या आसपासचा खडक पोत्यांनी भरडून, हजारो कण निवडून, त्यांचे पट्टे पाहून, ऑक्सिजन आणि हॅफ्नियम त्याच ठिपक्यावर मोजून पाहायला हवा. जुना खडक सुटा तुकडा होता की मोठा पट्टा, हे कण किती अंतरावर पुन्हापुन्हा सापडतात यावरून ठरू शकेल. बैतरणी नदीच्या वाळूतही चारशे कोटींच्या पलीकडचा कण मिळालेला आहे, आणि ही नदी चंपुआवरूनच वाहते.